बिडाचा तवा मुरवला तरी डोसा चिकटतोय. बीड ठेवू, नॉनस्टिक आणू की स्टील?

अनगोळची_लेक
नमस्कार मंडळी. महिन्याभरापूर्वी गणपत गल्लीतल्या एका दुकानातून बिडाचा डोसा तवा आणला. १२ इंची, सपाट, वजन सव्वातीन किलो. दुकानदार म्हणाला, "मुरवलेलाच हाय, नेऊन सरळ डोसे घाला." पहिल्याच दिवशी डोसा असा चिकटला की खरवडून काढताना उलथनं वाकलं.
मग एका व्हिडिओत बघून आठ दिवस रोज दोन चमचे तेल ओतून, मंद गॅसवर दहा मिनिटं तापवून, तसाच रात्रभर ठेवला. आता तव्यावर मधासारखा पिवळट तपकिरी चिकट थर बसलाय. बोट लावलं की चिकटतं, वर धूळ बसते. डोसा मधे करपतो, कडेला पांढरा राहतो आणि सुटतो तो चिंध्या होऊन.
पिठात खोट नाही. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, अर्धा चमचा मेथी, मूठभर पोहे. त्याच पिठाच्या इडल्या छान फुगतात.
जुन्या नॉनस्टिकचे पोपडे निघायला लागलेत म्हणून सासूबाईंनी तो माळ्यावर टाकला. हे म्हणतात स्टीलचा ट्रायप्लाय घेऊ. काय करू?

निपाणीकर_काकू
अगं, तेलाच्या आधी तवा पेजेत बुडवायचा असतो! तांदळाचं धुवण नाहीतर भाताची पेज, तीन दिवस, रोज बदलायची. मग घासायचा, तेल लावायचं आणि कांदा चांगला काळा होईस्तोवर परतायचा. कांद्यानंच तवा मुरतो. आमच्या सासूबाईंचा तवा असाच केलेला, चाळीस वर्षं झाली, अजून डोसा कागदासारखा सुटतो. आणि साबण कधी म्हणजे कधी लावायचा नाही.

टिळकवाडी७७
एवढा खटाटोप कशाला? ७०० रुपयांत नॉनस्टिक येतो. दोन वर्षांनी टाका, दुसरा आणा. माझी मुलं कुरकुरीत डोसा खातात आणि मी सकाळी साडेसातला ऑफिसच्या बसला असतो.

जांबोटीकर
आमच्याकडं आंबोळ्या बिडावरच होतात, कधी चिकटत नाहीत. झाकण ठेवता ना? झाकण ठेवलं की वाफेवर आपोआप सुटते. पण माझ्या आंबोळीला अलीकडं जाळी पडत नाही, ते का सांगाल काय कुणी?

अनगोळची_लेक
@जांबोटीकर दादा, मला कुरकुरीत डोसा हवाय, आंबोळी नाही. झाकण ठेवलं तर वाफेनं मऊ पडेल की.

साचेवाला
लेकी, आधी चार गोष्टी सांग.
१. पहिल्या दिवशी, तेल लावायच्या आधी, तव्यावर पांढरं फडकं घासलं असतंस तर काळं झालं असतं काय? आठवत असेल तर सांग.
२. हाताला खरखरीत लागतो की गुळगुळीत?
३. तवा हातात धरून मागून लाकडी लाटण्यानं टकटक कर. घंटेसारखा वाजतो की भद्द?
४. गॅसचा बर्नर केवढा?
मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत बत्तीस वर्षं साचे भरलेत. पंपाच्या बॉड्या नि व्हॉल्वच जास्त, पण दिवाळीच्या आधी तव्यांचीही ऑर्डर यायची. सांग, मग सविस्तर लिहितो.

अनगोळची_लेक
मामा, १. होय! पहिल्यांदा धुतला तेव्हा हात काळे झाले होते. मला वाटलं कारखान्यातली धूळ असेल. २. खरखरीत, बारीक वाळूच्या कागदासारखा. ३. आता वाजवून बघितला, छान वाजतो. ४. बर्नर लहानच, बशीएवढा.

साचेवाला
वाजतो म्हणजे तडा नाही, काळजी मिटली. बीड काचेच्या जातीचं. आत ग्रॅफाइटच्या पातळ पापड्या असतात, त्यामुळं ते वाकत नाही, एकदम तडकतं. तापल्या तव्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो. डोशाला शिंतडतात ते चमचाभर पाणी चालतं.

आता तुझं दुखणं. दोन चुका एकावर एक बसल्यात.

पहिली दुकानातली. हाताला जो काळा रंग लागला तो मुरवणीचा नव्हता. गंजू नये आणि काळाभोर दिसावा म्हणून पुष्कळ तव्यांना वरून काहीतरी फासतात. खरी मुरवण अशी हात काळे करत नाही. फार तर फडक्याला थोडा तपकिरी-काळपट डाग लागेल.

दुसरी तुझी. तेल जास्त, आच कमी. लहानपणी बॅटला जवसाचं तेल लावून उन्हात ठेवायचो आठवतं का? पातळ हात मारला तर दोन दिवसांत कोरडं, टणक होतं. ओतून ठेवलं तर पंधरा दिवसांनीही चिपचिपीत. तव्याचंही तसंच. मुरवणं म्हणजे तवा तेल पितो असं नाही. तेल तापून हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतं आणि त्याचा कडक पापुद्रा बनतो. थर पातळ असेल आणि आच धूर निघण्याइतकी असेल तरच ते नीट होतं. मंद गॅसवर दोन चमचे तेल म्हणजे अर्धं कच्चं, अर्धं घट्ट. तू जो मधासारखा थर म्हणतेस तो हाच. डोसा त्या चिकाला चिकटतो, लोखंडाला नाही.

खरी मुरवण कशी दिसते ते बघायचं असेल तर जुन्या कढईची बाहेरची बाजू बघ. कडेला तेल ओघळून वर्षानुवर्षं जळून जो काळा थर बसलाय ना, काथ्यानं घासून निघत नाही तो, तीच मुरवण. फक्त तिथं ती जाड आणि ओबडधोबड झालीय. आपल्याला तीच हवी, पण पातळ.

निपाणीकर_काकू
मग आमच्या सासूबाईंनी पेजेत बुडवला तो काय वेड्या होत्या म्हणून?

साचेवाला
नाही हो काकू, त्यांचं बरोबर होतं. आंबट पेज हलकासा गंज, वरचा रंग नि वाळूचे कण सैल करते, म्हणजे तवा स्वच्छ होतो. मुरवण मात्र त्यानंतर चाळीस वर्षं घातलेल्या डोशांच्या तेलानं बसली. पेज ही आंघोळ आहे, जेवण नाही. आणि तीन दिवस ठेवायचं तर रोज काढून घासायला हवं, नाहीतर पाण्याच्या रेषेवर गंजाचं वर्तुळ पडतं.

कांद्याचं म्हणाल तर परतताना तेल सगळीकडं फिरतं, तवा बराच वेळ तापतो, म्हणून काम होतं. अंगात गुण तापाचा नि तेलाचा, नाव कांद्याचं.

निपाणीकर_काकू
नाव कुणाचंही असो, डोसा सुटतो ना! 😀 बरं, सांगा पुढं.

साचेवाला
लेकी, आता हे कर. रविवारी सकाळी घे, खिडक्या उघड्या ठेव, धूर होणार.

आधी तो चिक काढायचा. तवा बारीक आचेवर थोडाच गरम कर, चिक मऊ होईल. गॅस बंद करून तवा हात लावण्याइतका कोमट होऊ दे. मग धुण्याच्या सोड्याचं घट्टसर कालवण सगळीकडं फासून अर्धा तास ठेव आणि तारेच्या घासणीनं घास. हातात रबरी मोजे हवेत, सोड्यानं कातडी निघते. एकदा नाही निघालं तर परत. दुकानदार कॉस्टिक घ्या म्हणेल, घरात लहान मूल असेल तर त्याच्या नादी लागू नकोस. तवा राखाडी दिसायला लागला की थांब. मग साबणानं धू, फडक्यानं पूस आणि लगेच गॅसवर कोरडा कर. आपल्या बेळगावच्या पावसाळी हवेत राखाडी बीड तासाभरात तांबूस पडतं.

तवा कोमट असतानाच अर्धा चहाचा चमचा तेल. बारा इंची तव्याला दोन्ही बाजू मिळून तेवढंच. करडईचं सगळ्यात बरं, शेंगतेलही चालतं. खोबरेल नि तूप नको, त्यांचा पापुद्रा धरत नाही. तेल चोळल्यावर जुन्या धुतलेल्या बनियनच्या तुकड्यानं ते सगळं पुसून काढ, चुकून सांडलंय असं समजून. तवा नुसता ओलसर चमकला पाहिजे, कुठं थेंब नको. बहुतेक लोक इथंच चुकतात. पुसून टाकायचं तर लावलं कशाला, असं वाटतं.

मग मध्यम आच. आठ-दहा मिनिटांत धूर सुरू होईल. धूर यायचा थांबेपर्यंत गॅस बंद करायचा नाही, म्हणजे आणखी दहा-बारा मिनिटं. तुझा बर्नर लहान आहे, म्हणून दर तीन-चार मिनिटांनी तवा सरकवून कडेचा एकेक भाग ज्योतीवर आण. मग निवू दे. कोमट झाला की परत अर्धा चमचा, परत पूस, परत धूर. असे चार हात.

रंग आधी पितळेसारखा, मग तांबूस, मग काळपट तपकिरी होईल. काळाभोर व्हायला महिने लागतात, चार हातांत होत नाही. झालं की नाही हे बोटानं ओळखायचं. गार तव्यावर कोरडं बोट सरकलं पाहिजे, अडखळलं नाही पाहिजे. चिकट लागलं तर वर तेल लावू नकोस. तसाच परत तापव, कच्चं राहिलेलं पक्कं होईल.

खडेबाजार_रिटायर्ड
जवसाचं तेल सगळ्यात कडक बसतं म्हणतात. मी तेच वापरलं. काचेसारखा चमकला होता, पण दोन महिन्यांत खवले निघाले.

साचेवाला
होय, तो थर फार कडक होतो आणि बीड तापून फुगताना सोबत फुगत नाही, असं माझं मत. काही जणांचा टिकतो. मी करडईवरच समाधानी आहे.

टिळकवाडी७७
म्हणजे पुसून काढण्यासाठी तेल आणायचं आणि धुरात बसायचं. रविवार गेला.
माझ्या नॉनस्टिकबद्दल कुणी काही बोललंच नाही.

चिकोडीचा_दोशेवाला
मी बोलतो. चिकोडीत बावीस वर्षं गाडा होता माझा, आता मुलगा बघतो. गाड्यावर बीड नसतं बरं का. पाऊण इंची जाड लोखंडी प्लेट असते. बिडाच्या तव्यापेक्षा जड, पण तत्त्व तेच.

दोशाला तव्याकडून दोन उलट्या गोष्टी हव्यात. पीठ पसरताना तव्यानं ते धरलं पाहिजे, नाहीतर पळीबरोबर गोळा होऊन फिरतं. आणि भाजून झालं की सोडलं पाहिजे. मुरलेलं लोखंड दोन्ही करतं. नॉनस्टिक सोडतं चांगलं, पण धरत नाही. स्टील धरतं, पण सोडत नाही.

नॉनस्टिकवर कुरकुरीत होतो, खोटं कशाला बोलू. पण पद्धत वेगळी. तवा कोमट असताना, गॅस अगदी बारीक करून पीठ घालायचं. तापलेल्यावर घातलं की पळीला चिकटून वर येतं. पातळ पसरलं की आच वाढवायची आणि एक मिनिट जास्त थांबायचं. तेल तव्यावर नको, दोशाच्या वर नि कडेनं. नॉनस्टिकवर तेल मण्यांसारखं गोळा होतं, पसरत नाही, म्हणून तळाला नुसता सपाट एकसारखा तपकिरी रंग येतो. लोखंडावर येते तशी तेलात तळल्यासारखी जाळी नाही येत. खाणाऱ्याला फरक कळतो, पण मुलं तक्रार करणार नाहीत.

टिळकवाडी७७
हे मान्य. माझा पहिला डोसा चांगला होतो, दुसऱ्यापासून पीठ पळीला चिकटतं. मला वाटायचं पिठात गडबड आहे. आता कळलं.

चिकोडीचा_दोशेवाला
दोन दोशांच्या मधे तवा गॅसवरून उतरवा, ओल्या फडक्यावरून फिरवा. आणि एक सांगतो, नॉनस्टिक रिकामा मोठ्या गॅसवर ठेवून ब्रश करायला जाऊ नका. २६० अंशांच्या पुढं तो थर बिघडायला लागतो, त्याहून बराच तापला तर वाफही निघते, आणि पातळ ॲल्युमिनियम काही मिनिटांत तिथवर जातं. ताईंचे पोपडे त्यानंच निघाले असतील, नाहीतर स्टीलच्या उलथन्यानं.

अनगोळची_लेक
दोन्ही. 🙈

बेंगळुरूत_बेळगावकर
मी ट्रायप्लाय घेतलाय, तीन हजाराचा. पाणी टाकल्यावर थेंब मोत्यासारखे पळायला लागले की चिकटत नाही, असं वाचलं होतं. अंडं, पनीर खरंच सुटतं. डोसा मात्र सिमेंटसारखा बसतो. मीच काही चुकतोय काय?

चिकोडीचा_दोशेवाला
नाही. थेंब पळतात तेव्हा तवा एवढा तापलेला असतो की दोशाचं पीठ पडताक्षणी खालून शिजतं, पसरायला वेळच मिळत नाही. गार केला तर पसरतं, पण ओलं पीठ उघड्या स्टीलला धरून बसतं. दोन्ही बाजूंनी मार. अंड्याला तेलाचं तळं घालता म्हणून ते सुटतं. दोशाखाली तळं घातलं तर पीठ घसरतं, पसरत नाही.
त्यावर जाड उत्तप्पा करा, तेल सोडून. दोशाचा नाद सोडा.

खडेबाजार_रिटायर्ड
माझी मेहुणी धारवाडला साध्या स्टीलच्या तव्यावर करते. तिनं त्यालाच तेल जाळून जाळून काळा केलाय.

साचेवाला
मग तो स्टीलचा तवा राहिलाच कुठं, मुरवलेला तवा झाला. स्टीलवरही पापुद्रा बसतो, पण गुळगुळीत असल्यानं लवकर सुटतो. त्यांचा टिकत असेल तर त्यांच्या हाताला दाद द्यायला हवी.

निपाणीकर_काकू
माझा एक प्रश्न. बिडानं अंगात लोह जातं ना? माझ्या सुनेचं हिमोग्लोबिन नऊ आहे. मी तिला रोज बिडावरचा डोसा देते.

साचेवाला
काकू, चिंच-टोमॅटोचं आंबट कालवण लोखंडी कढईत रटरटलं की लोह जास्त उतरतं. डोसा तव्यावर दोन-तीन मिनिटं, तोही मुरवणीवर. त्यानं फार काही जाणार नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या चालू ठेवा.
आणि मुरवलेल्या तव्यावर टोमॅटो शिजवू नका, आंबट पापुद्रा खातं. आंबलेल्या पिठाचं काही नाही, ते लगेच सुकतं.

अनगोळची_लेक
मंडळी, दहा दिवसांनी आले. सांगण्यासारखं बरंच आहे.

चिक काढायलाच दोन तास गेले. सोड्याचे तीन लेप झाले. तिसऱ्यानंतर तव्याचा खरा रंग दिसला, ढगासारखा राखाडी. मोबाईल वाजला म्हणून पाच मिनिटं ओला ठेवला तर खरोखर तांबूस पडायला लागला!

मग करडईच्या तेलाचे चार हात. पहिल्या हाताला मी परत चुकले, नीट पुसलं नव्हतं. धूर थांबल्यावर तव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ठिपके दिसले, त्यांना बोट लावलं की चिकट. मामांचं वाचून वर तेल लावलं नाही, तसाच परत पंधरा मिनिटं तापवला. ठिपके कडक झाले, पण हाताला लागतात अजून. पुढच्या तीन हातांना इतकं पुसलं की ह्यांनी विचारलं, तेल लावतेस की काढतेस?

लगेच डोसे नाही घातले. दोन दिवस भरपूर तेल सोडून थालीपीठं लावली. तिसऱ्या दिवशी डोसा. पहिला चिकटला. दुसरा अर्धा सुटला. मग लक्षात आलं की पीठ फ्रीजमधून काढून सरळ घालत होते. बाहेर तासभर ठेवलं आणि तिसरा डोसा कडेनं आपोआप उचलला गेला. उलथनं लावावं लागलं नाही. मला रडूच आलं.

अडचण एकच राहिली. मधला भाग तपकिरी, कडा अजून पांढऱ्या.

चिकोडीचा_दोशेवाला
फ्रीजचं पीठ तव्याचा ताप ओढून घेतं, त्यानं चिकटतं. बरोबर पकडलंत.

आता कडा. ताई, दोशे घालायच्या आधी किती वेळ तापवता?

अनगोळची_लेक
दोनेक मिनिटं. धूर दिसायला लागला की.

चिकोडीचा_दोशेवाला
इथंच आहे. बिडात ताप हळू पसरतो. मोठ्या आचेवर दोन मिनिटांत मधला भाग पेटतो, कडा झोपलेल्या असतात. बारीक आचेवर दहा मिनिटं ठेवा, दर दोन मिनिटांनी फिरवा. सगळीकडं सारखा तापला की मगच मध्यम आच. जड तव्याचा फायदाही यातच आहे. ताप भरलेला राहतो, पीठ पडलं तरी एकदम गार होत नाही.

मग पाणी शिंतडा. थेंब पडल्यावर चर्र करून एक-दोन सेकंदांत नाहीसा झाला तर बरोबर. पडून बुडबुडे येत राहिले तर गार. मोत्यासारखा पळाला तर जास्त तापलाय, आणखी पाणी शिंतडून पुसून घ्या. गाड्यावर आम्ही पाणी मारून झाडूनं ओढतो, लोकांना वाटतं स्वच्छता. स्वच्छताही होते, पण मुख्य काम ताप उतरवायचं.

पुसायला अर्धा कांदा काटा-चमच्याला टोचून, त्याला चार थेंब तेल. मग आच बारीक, पळीभर पीठ मधोमध, पळीचा बूड नुसता टेकवून गोल फिरवायचा, दाबायचं नाही. पसरलं की आच मध्यमच्या थोडी वर. वरचं ओलं पीठ सुकून मळकट दिसायला लागलं की मगच कडेनं तेल. आधी सोडलं तर ओल्या पिठात मुरतं आणि दोसा लवचिक होतो. आता हात लावायचा नाही. खालचं पाणी निघून गेलं की दोसा स्वतःच कडेनं उचलतो. त्याच्या आधी उलथनं घालणारा माणूस तव्याला शिव्या देतो. साधारण दोन-अडीच मिनिटं.

आणि बशीएवढ्या बर्नरवर बारा इंची दोसा एकसारखा होणारच नाही. नऊ इंची घाला.

निपाणीकर_काकू
कांद्याशिवाय शेवटी चाललंच नाही ना यांचं!

साचेवाला
😄 बटाट्याचा अर्धा काप घेतला तरी चालतं काकू. पण वास कांद्याचाच चांगला, हे मान्य.

खडेबाजार_रिटायर्ड
तव्याचा खरखरीतपणा घालवायला ग्राइंडरवर घासून आणू काय? माझाही खरखरीत आहे.

साचेवाला
यावर आमच्या फाउंड्रीतच दोन तट होते. वाळूच्या साच्यातून निघालेला तवा खरखरीतच असतो. खड्डे तेलानं भरत जातात, पण वेळ लागतो आणि बारीक पिठाचे कण सुरुवातीला अडकतात. घासून गुळगुळीत केला तर पहिले डोसे लवकर सुटतात, पण फार चकचकीत केलात तर पापुद्र्याला धरायला जागा राहत नाही. मी स्वतः टोकं तेवढी १२० नंबरच्या पेपरनं मारतो आणि थांबतो.

चिकोडीचा_दोशेवाला
मी पूर्ण गुळगुळीतच करतो. गाड्याची प्लेट आरशासारखी होती, बावीस वर्षांत कधी सुटली नाही.

साचेवाला
तुमची प्लेट रोज आठ तास तेलात तापत होती हो. घरचा तवा आठवड्यातून एकदा.

चिकोडीचा_दोशेवाला
ते असंल. पण मी गुळगुळीतच म्हणणार.

अनगोळची_लेक
शेवटचा अहवाल. नऊ इंची डोसे, दहा मिनिटं बारीक आच, पीठ बाहेर काढलेलं. काल रविवारी चौदा डोसे झाले, पहिला सोडून सगळे सुटले. कडेपर्यंत तपकिरी, उचलताना कडकड आवाज आला. ट्रायप्लायचा विषय घरात बंद झालाय.

पण आज सकाळी घात झाला. मी ऑफिसला गेले नि सासूबाईंनी त्याच तव्यावर जोंधळ्याच्या भाकऱ्या केल्या. मोठ्या गॅसवर, कोरड्या. संध्याकाळी बघते तर मधोमध तळहाताएवढा राखाडी डाग आणि त्यावर करपलेलं पीठ. आता सगळं परत करायचं काय?

साचेवाला
नाही. कोरड्या तव्यावर भाकरीच्या जाळानं मधला पापुद्रा जळून गेला, बाकीचा शाबूत आहे. करपलेलं पीठ जाड मिठानं नि कापडानं घासून काढ, धू, कोरडा कर, आणि सगळ्या तव्याला नेहमीसारखा पुसून-पुसून दोन हात मार. डागावर वेगळं जास्त तेल नको. दोन-तीन वेळा डोसे झाले की रंग परत येईल.
भाकरीला खोलगट तवा वेगळा असू दे. जांबोटी नि खानापूरकडं घरोघरी दोन असतात ते उगीच नाही.

निपाणीकर_काकू
सासूला बोलू नकोस मात्र. तवा गुपचूप कपाटात ठेव, भाकरीचा समोर.

अनगोळची_लेक
ठेवलाय काकू, वर्तमानपत्रात गुंडाळून.

साचेवाला
वर्तमानपत्र चालेल, पण आधी गॅसवर एक मिनिट तापवून पूर्ण कोरडा करून. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते.

जांबोटीकर
माझ्या आंबोळीच्या जाळीचं कुणी सांगितलंच नाही ओ.